कपाचा कान दिसत नसेल तर काढायचा का?

*"ताई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे. व्हिडिओ बघून स्टेप बाय स्टेप कार्टून काढते, अगदी हुबेहूब, सगळे कौतुक करतात. क्लासमध्येही सर फळ्यावर काढतात आणि मुलं ते उतरवून घेतात. परवा मी सहज म्हटलं, हा समोरचा कप काढ बघू, तर दोन मिनिटांत कागद चुरगाळला आणि रडायलाच लागली, मला येतच नाही म्हणाली. बघून काढायला शिकवायचं म्हणजे नेमकं करायचं काय? मला स्वतःला चित्रकला अजिबात येत नाही. आणि ती काही आर्टिस्ट होणार नाहीये, मग पुढे याचा उपयोग काय? धाकटा पाच वर्षांचा आहे, त्यालाही सोबत बसवू का?"* – एक आई

तिच्या रडण्यात तिची काहीच चूक नाही हो. कार्टून उतरवताना चित्रातलं सगळ्यात अवघड काम आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं. समोरचा कप गोल आहे, पोकळ आहे, त्याला पुढची बाजू आहे मागची आहे, आणि कागद तर सपाट, मग यातली कुठली कड रेघेने दाखवायची, कुठली सोडून द्यायची, कप कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते, हे सगळं कुणीतरी ठरवावं लागतं ना. व्हिडिओत ते ठरलेलंच असतं, हिने फक्त रेघेमागून रेघ न्यायची. म्हणजे इतके दिवस ती उत्तर उतरवत होती आणि परवा तुम्ही एकदम गणित पुढे ठेवलंत. (फोटो समोर ठेवून काढणंही जवळपास तसंच, तिथे सपाट करायचं काम कॅमेऱ्याने केलेलं असतं.)

तुम्ही कपच दिलात हे मात्र फार चांगलं झालं, कारण मुलं कप कसा काढतात यावर मानसशास्त्रात खरंच प्रयोग झालेत. १९७२ मध्ये फ्रीमन आणि जॅनिकून या दोघांनी पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसमोर एक कप ठेवला, त्याचा कान मुद्दाम मागे, मुलांना दिसणार नाही असा, आणि पुढच्या बाजूला एक फुलाचं चित्र, जे अगदी स्पष्ट दिसत होतं. लहान मुलांनी काय केलं, तर न दिसणारा कान काढला आणि समोर दिसणारं फूल गाळून टाकलं! साधारण आठव्या वर्षाच्या आसपास हे उलटायला लागलं, कान गेला आणि फूल आलं. लहान मुलाच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नाही, कप म्हणजे कान असलेली वस्तू, कान नसेल तर तो ग्लास झाला, मग चित्रात कान हवाच. त्याला जे माहीत आहे ते तो काढतो. डोळ्यांना जे दिसतंय ते काढणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती नंतर येते, तुमची मुलगी नेमकी त्या उंबऱ्यावर उभी आहे.

आता गंमत अशी की पुढे १९८३ मध्ये अशाच एका प्रयोगात एकाऐवजी दोन कप शेजारी शेजारी ठेवले, एकाचा कान दिसतोय आणि दुसऱ्याचा लपलाय, तर लहान मुलंसुद्धा लपलेला कान जास्त वेळा गाळायला लागली, कारण आता दोन कपांतला फरक दाखवायला तो गाळावाच लागतो. म्हणून तुम्हीही सुरुवात इथूनच करा. एकसारखे दोन कप घ्या, साधे, एकाच रंगाचे, नक्षी नसलेले, शक्यतो सरळ उभ्या भिंतीचे. एकाचा कान उजवीकडे, दुसऱ्याचा मागे. मुलीपासून हात लांब केला की जेमतेम बोट लागेल इतक्या अंतरावर ठेवा, उजेड एकाच बाजूने यावा, खिडकी असेल तर वरचा दिवा बंद करून टाका. साधा कागद, एक मऊशी पेन्सिल, आणि खोडरबर पहिले काही दिवस बाजूला, कारण खोडरबर हातात असला की मूल कपाकडे कमी आणि स्वतःच्या चुकीकडे जास्त बघतं. पंधरा मिनिटं पुरेत. तिला फक्त एवढंच सांगा की असं काढ की चित्र बघून मला कळलं पाहिजे कुठला कप कुठला. नीट काढ, छान काढ, यातलं काही बोलू नका.

हे एक-दोनदा झालं की मग खरी मजा, कपाची वरची कड. ही एक गोष्ट नीट झाली ना तरी महिनाभराचं काम झालं असं मी म्हणेन, बाकी घाई नको.

तिला विचारा कपाचं तोंड कसं आहे, म्हणेल गोल. मग कप हळूहळू वर न्या, तिच्या डोळ्यांच्या बरोब्बर समोर, आणि तिला एक डोळा मिटायला सांगा. तोंड नाहीसंच होतं, नुसती एक आडवी रेघ उरते. आता कप सावकाश खाली आणा, रेघ उघडायला लागते, आधी अगदी चपटी, मग जरा फुगलेली, आणि वरून थेट आत डोकावलं की पूर्ण वर्तुळ. मी वर्गात हे करते तेव्हा दरवेळी कुणीतरी ओरडतंच, परत करा परत करा, आणि मोठ्या माणसांनीसुद्धा ही गोष्ट कधी मुद्दाम बघितलेली नसते, त्यामुळे तुम्हाला चित्रकला येत नाही हे इथे उलट बरंच आहे, तुम्हीही तिच्याबरोबर पहिल्यांदाच बघाल. मग तोच कप तीन उंचींवर ठेवून, खाली पुस्तकांचा ढीग कमी जास्त करून, एकाच कागदावर तीनदा काढायला द्या.

आता चुका काय होतील ते सांगते, कारण त्या जवळपास ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे तोंड फारच उघडं, जवळजवळ वर्तुळ, कारण तिला माहीत आहे ते गोल आहे. याला उपाय बोलण्यात नाही, पेन्सिलीत आहे. हात ताठ करून पेन्सिल आडवी कपासमोर धरायची, एक डोळा मिटायचा, तोंडाची रुंदी अंगठ्याने पेन्सिलीवर पकडायची, मग पेन्सिल उभी करून बघायचं की तोंडाची पुढची आणि मागची कड यांच्यातलं अंतर त्या रुंदीत किती वेळा बसतंय. चार वेळा बसत असेल आणि चित्रात दोनच वेळा बसत असेल तर तिचं तिलाच कळतं, तुम्ही बोलायची गरजच पडत नाही. आठव्या वर्षी हे मोजणं जरा जड जातं, कोपर वाकतं आणि माप बदलतं, तर कोपर ताठ ठेवायला लावा आणि जमलं नाही तर सोडून द्या, नऊ-दहाव्या वर्षी पटकन येतं.

दुसरी चूक, दोन्ही टोकं होडीसारखी अणकुचीदार. तिथे मी मुंगी सोडते. म्हणजे खोटी हो. कपाच्या काठावरून एक मुंगी चालत गेली तर तिला कुठे कचकन वळावं लागेल का? नाही ना, ती नुसती वळत वळत जाईल. मग तुझ्या चित्रातल्या काठावर तिला चालव. बोट फिरवलं की टोकापाशी अडतं आणि मूल स्वतःच हसतं.

तिसरी चूक मात्र मला सगळ्यात आवडते. कपाचा तळ सरळ रेघेने काढलेला असतो. दहातली नऊ मुलं हेच करतात आणि कारण विचारलं तर सांगतात टेबल सपाट आहे म्हणून, जे अगदी खरंही आहे. पण दिसतं तसं नाही. तळाची पुढची कडही वाकलेली दिसते, आणि इतकंच नाही, तोंडाच्या कडेपेक्षा जरा जास्तच वाकलेली दिसते, कारण तळ तिच्या डोळ्यांपासून आणखी खाली आहे, मगाशी कप खाली आणताना तोंड उघडत गेलं तसंच. हे सांगू नका हं प्लीज. काचेचा ग्लास घ्या, अर्धा पाण्याने भरा आणि समोर ठेवा. आता तिला एकाखाली एक तीन गोल दिसतील, काठ, पाण्याची पातळी आणि तळ, वरचा सगळ्यात चपटा आणि खालचा सगळ्यात गोल. काचेत ते आरपार दिसतं म्हणून पटतं. मग परत कपाकडे या.

या सगळ्या वेळात एक पथ्य पाळा, तिच्या कागदावर तुमची पेन्सिल टेकवू नका. "बघ असं" म्हणून तुम्ही एक रेघ ओढली की संपलं, ती आता कप सोडून तुमची रेघ उतरवणार. फारच हात शिवशिवले तर वेगळा कागद घ्या, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसा आणि तिथून तोच कप काढा. तुमच्या चित्रात कान डावीकडे येईल, तिच्यात उजवीकडे, आणि दोन्ही बरोबर! पोरीला हे कळणं की एकाच कपाची दोन बरोबर चित्रं असू शकतात, हे स्टेप बाय स्टेपवाल्या व्हिडिओतून कधीच होत नाही, तिथे बरोबर चित्र एकच असतं. कौतुकसुद्धा जरा जपून करा, "वा काय सुंदर" म्हणण्यापेक्षा "इथे सावली कपाला चिकटलीय आणि पुढे पुसट होत गेलीय, हे मी बघितलंच नव्हतं" असं काहीतरी, जे तिने खरंच पाहिलंय त्याबद्दल.

आणि मनाची तयारी ठेवा, काही आठवडे तिची चित्रं आधीपेक्षा वाईट दिसतील. रेघा थरथरत्या, कप वाकडे. घरात कुणीतरी नक्की म्हणणार की आधी किती छान काढायची, हे काय नवीन खूळ. तुम्ही चित्राच्या मागे तारीख घाला आणि ठेवून द्या. काम होतंय का नाही हे ओळखायची खूण चित्रात शोधू नका, तिच्या मानेत शोधा. उतरवणारं मूल बराच वेळ कागदाकडेच बघतं, बघून काढणारं मूल सारखी मान वर करतं, कप, कागद, कप, कागद. सुरुवातीला ती मिनिटाला दोनदाच वर बघेल. हे वाढत गेलं की समजा जमतंय, चित्र कसंही असो.

उपयोग काय हे तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण मी शिकवते त्यातली फारच थोडी मुलं पुढे चित्रकार होतात आणि त्याचं मला काही वाटत नाही. मला जे हवं असतं ते वेगळं आहे, ते एका मुलीच्या उदाहरणाने सांगते. नऊ वर्षांची होती, तीन आठवडे तिने पाण्याचा ग्लास काढला, कंटाळली, चिडली, परत काढला. चौथ्या आठवड्यात मी तिच्यासमोर शार्दँच्या एका चित्राची प्रिंट ठेवली. शार्दँ म्हणजे अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार, आणि हे चित्र साधारण १७६१ चं, अमेरिकेत पिट्सबर्गच्या म्युझियममध्ये आहे. त्यात आहे काय, तर पाण्याचा ग्लास, एक तपकिरी कॉफीपॉट आणि थोडा लसूण, बस. इतर मुलांनी दोन सेकंद बघितलं आणि पुढे. ही मात्र नाक चिकटवून बसली. आधी काठ, पाणी, तळ मोजले बोटाने. मग म्हणाली, टीचर, याने ग्लास काढलाच नाहीये, मागचा काळोख काढलाय आणि मध्ये मध्ये उजेड ठेवलाय फक्त. पुढे म्हणते, मी सगळीकडे रेघ मारली होती म्हणून माझा ग्लास प्लास्टिकचा झाला.

आता हे तिला मी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि विसरली असती. पण तीन आठवडे ती त्याच अडचणीत अडकली होती, काचेला रंगच नाही तर काढायचं काय, आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाने त्या अडचणीचं काय केलं हे तिच्यासमोर आलं. चित्र आवडणं म्हणजे बऱ्याचदा हेच असतं, त्याने इथे असं का केलं हा प्रश्न आपला आपल्याला पडणं. तो पडायला आपण आधी एकदा तिथे अडकलेलं असावं लागतं.

यातलीच थोडी पुढची पायरी म्हणजे सेझान, एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार. हे मात्र दहा-अकरा वर्षांनंतर, आधी नको. शिकागोच्या म्युझियममध्ये त्याचं १८९३ च्या सुमाराचं सफरचंदांच्या टोपलीचं चित्र आहे, नेटवर सहज सापडेल. त्यातली बाटली कललेली आहे, आणि टेबलाची पुढची कड कापडाच्या डावीकडे एका उंचीवर तर उजवीकडे दुसऱ्याच. बघून काढायची सवय असलेलं मूल हे पटकन पकडतं आणि खूश होऊन सांगतं, चुकलाय! तेव्हा "नाही गं, मोठा चित्रकार आहे तो" असं म्हणू नका, म्हणा हो, जुळत नाहीये खरं. मग तिला टेबलाचा डावा अर्धा भाग एका खुर्चीवर बसून काढू द्या, आणि उजवा अर्धा त्याच कागदावर पण शेजारच्या उंच स्टुलावर बसून. मधोमध कड तुटणार म्हणजे तुटणारच. आता परत सेझानकडे बघा. त्याच्या चित्रांबद्दल एक समजूत हीच आहे की त्याने एकाच जागेवरून गोठलेलं दृश्य काढलं नाही, वेगवेगळ्या जागांवरून बघत बघत वस्तू एकत्र आणल्या. मुलीला ही थिअरी पाठ करायची गरज नाही, तिच्या स्वतःच्या कागदावर ती आहे.

म्हणजे कॉपी करणं वाईटच का, तर तसं मी म्हणणार नाही. मोठमोठे चित्रकार म्युझियममध्ये बसून जुनी चित्रं उतरवतच शिकलेत. फरक कशाने पडतो हे ड्यूररकडे बघून छान कळतं. या जर्मन चित्रकाराने १५०२ मध्ये एक ससा रंगवला, केस न् केस वेगळा, आणि त्या सशाच्या डोळ्यात बारीकसं खिडकीचं प्रतिबिंब आहे, नक्की झूम करून बघा. याच माणसाने १५१५ मध्ये गेंडा काढला तो न बघता, कुणीतरी पाठवलेलं वर्णन आणि एक कच्चं स्केच यावरून. लिस्बनला भारतातून एक जिवंत गेंडा आला होता त्या वर्षी, ड्यूररने तो कधी पाहिलाच नाही. त्याच्या गेंड्याला चिलखतासारखी पत्र्याची कातडी आहे आणि मानेच्या मागे, खांद्यावर, एक जादाचं छोटं शिंग. चित्र इतकं झकास होतं की पुढे दोनशेहून जास्त वर्षं युरोपात लोक तेच उतरवत राहिले, त्या जादाच्या शिंगासकट! १७४९ मध्ये उद्री नावाच्या फ्रेंच चित्रकाराने पॅरिसला आलेली खरी गेंडीण समोर बघून रंगवली, तिच्या पाठीवर शिंग नाही. ही गोष्ट तुमच्या मुलीला सांगा, मुलांना भयंकर आवडते, आणि नंतर कार्टून उतरवताना ती स्वतःच विचारायला लागते की याचं हे जादाचं शिंग तर नाही ना.

त्यामुळे क्लास लगेच बंद करायची गरज नाही, व्हिडिओही नाही. फक्त क्रम उलटा करा. मांजराचं कार्टून उतरवायचंय ना, तर आधी दहा मिनिटं झोपलेलं खरं मांजर काढायचं, कसंही येवो, आणि मग व्हिडिओ. एकदा खऱ्या मांजराचा पाय कुठून वाकतो हे शोधण्यात दमछाक झाली की कार्टूनवाल्याने तो पाय दोन रेघांत कसा उरकलाय हे तिला दिसतं, आणि तिथे तो कार्टूनवालाही तिला शिकवतो. क्लासच्या सरांना एकदा विचारून बघा की महिन्यातून एखादा तास फळ्याऐवजी टेबलावर वस्तू ठेवून घेता येईल का. माझ्या लहानपणीच्या चित्रकलेच्या सरांनी तर वर्षभर एकच डोंगर, एकच सूर्य आणि एकच झोपडी काढून घेतली होती, आणि मी खिडकीतून दिसणारी झाडं बघून काढली तेव्हा म्हणाले, असं झाड नसतं.

धाकट्याला सोबत बसवा, पण शिकवायला नको. त्याला हवे ते रंग द्या, त्याला काढायचंय ते काढू द्या. ताईचं बघून तोही कप काढेल, आणि मागे लपलेला कान पुढे काढेल, कदाचित दोन काढेल. काढू द्या, त्याचा कप आहे तो.